गरोदरपणात आणि नंतर ऑफिसचे फॉर्मल कपडे: ट्राउझरचं काय करायचं?

जाईजुई
सतरावा आठवडा चालूय. माझं काम क्लायंटसमोर बसायचं आहे, आठवड्यातून दोन-तीनदा तरी प्रेझेंटेशन असतं, त्यामुळे शर्ट, ट्राउझर आणि वरून ब्लेझर हे ठरलेलं. सैल टॉप आणि लेगिंग घालून जा असं सगळे सांगतात पण आमच्याकडे ते खरंच चालत नाही. शर्ट अजून कसेबसे बसतायत, ट्राउझरची मात्र वाट लागलीय. उभी असताना बटण लागतं, बसलं की नाही, म्हणून मग टेबलाखाली बटण काढून बसते आणि उठायच्या आधी शर्ट खाली ओढून परत लावते. संध्याकाळपर्यंत पोटावर लाल वळ आणि डावी मांडी बाहेरच्या बाजूने बधिर झाल्यासारखी वाटते, ते बहुतेक बसून बसून असेल.

तर प्रश्न असा की आता नेमकं काय घेऊ? मॅटर्निटी ट्राउझर म्हणून जे मिळतं त्यातलं बरंचसं जीन्स नाहीतर ढगळ पॅन्ट असतं. आणि बाळ झाल्यावर काही महिन्यांनी परत जॉइन होणार, तेव्हा दूध पंप करायचं असेल, तेव्हाही तेच कपडे वापरता येतील असं काही आहे का? दोनदा खरेदी करायचा कंटाळा आहे.

मनमौजी
एवढा विचार करू नकोस गं, सरळ दोन साइज मोठे कपडे घे, मी दोन्ही वेळा तेच केलं, शर्ट आणि पॅन्ट दोन्ही. पोट वाढलं की आपोआप भरतात आणि नंतर टेलरकडे देऊन कमी करून घ्यायचे. मॅटर्निटीचं लेबल लावलं की तेच कापड महाग होतं बाकी काही नाही.

समीर_७
माझ्या मिसेसलाही पाचवा चालू आहे. पोट दिसू नये म्हणून तिने उभ्या रेघांचे आणि काळ्या रंगाचे कपडे घ्यायला सुरुवात केली, बऱ्यापैकी लपतं. ऑफिसात इतक्यात सांगायचं नसेल तर स्कार्फ पण पुढे सोडता येतो.

जाईजुई
समीर, ऑफिसात सगळ्यांना माहितीये हो, लपवायचं काहीच नाहीये :) नीटनेटकं दिसायचंय आणि बसता यायला हवं, बस.

मनमौजी, मोठा शर्ट घालून बघितला. पोटावर बसतो पण खांदे उतरतात आणि बाह्या पंजावर येतात, भावाचा शर्ट घातल्यासारखं दिसतं.

टिचबटण
मनमौजी म्हणतेय ते अर्धं बरोबर आहे. थोडा मोठा साइज चौथ्या महिन्यापर्यंत चालतो आणि लेबलाचे जास्तीचे पैसे घेतात हेही खरंय. पण मोठा साइज म्हणजे सगळीकडून मोठा, खांदा, मुंढा, बाही, गळा, सगळं. गरोदरपणात खांदे रुंद होत नाहीत. वाढतं ते छाती, बरगड्यांचा घेर आणि पोट, आणि पोट तर फक्त पुढच्या बाजूला. म्हणून मॅटर्निटी शर्ट नीट शिवलेला असेल तर त्याचा पुढचा भाग मागच्यापेक्षा चांगला आठ-दहा सेंटिमीटर लांब कापलेला असतो आणि ती जास्तीची लांबी बाजूच्या शिवणीत चुण्या घालून बसवलेली असते. पोट वाढलं की चुण्या उघडतात आणि खालची कड सरळ राहते. साध्या मोठ्या शर्टाची कड पोटावरून पुढे वर चढते आणि मागे लोंबते, सातव्या महिन्यात बाजूने फोटो काढून बघा, लगेच कळतं.

दुकानात ओळखायची सोपी खूण सांगते. शर्टाच्या दोन्ही बाजूच्या शिवणी एकत्र धरून घडी घाला. पुढचा भाग मागच्याइतकाच भरला तर तो नुसता मोठा शर्ट आहे, लेबलावर काहीही लिहिलेलं असो. आणि घालून बघताना खांद्याची शिवण खांद्याच्या हाडावर आली पाहिजे, दंडावर उतरली तर ठेवून द्या.

जाई, तुझ्या ट्राउझरबद्दल सविस्तर लिहिते, जेवून येते. तोवर एक सांग, मांड्यांना आणि मागे ट्राउझर अजून नीट बसतेय ना? फक्त कमरेलाच अडतंय?

फिजिओ_नेहा
मध्येच घुसतेय, कारण मांडी बधिर होते ते वाचलं. ते बसून बसून असेलच असं नाही. कमरेच्या हाडाजवळून, पुढच्या बाजूने एक नस मांडीच्या बाहेरच्या भागाकडे जाते, तिचं काम फक्त स्पर्श कळायचं. पोट वाढताना ती तशीही ताणलेली असते आणि त्यावर घट्ट कमरपट्टा दाबून बसला की मांडीच्या बाहेरच्या बाजूला बधिरपणा, मुंग्या, कधी जळजळ होते. पाय उचलायला वगैरे त्रास होत नाही, फक्त कातडीला विचित्र वाटतं. दोन-चार दिवस अजिबात न दाबणारं काहीतरी घालून बघ. कमी झालं तर कारण सापडलं. नाहीच झालं, किंवा पायात जोर कमी वाटला, तर पुढच्या तपासणीची वाट बघू नकोस, डॉक्टरांना लगेच सांग.

आणि टेबलाखाली बटण काढणं ठीक आहे, पण चेन अर्धवट आणि कमरपट्टा अजून तिथेच दाबत असतो. जेवणानंतर छातीत जळजळ होत असेल तर तीही घट्ट कमरेने वाढते.

जाईजुई
नेहा, थँक्स! पाय उचलायला काही त्रास नाही, फक्त बाहेरची बाजू, तळहाताएवढा भाग. जळजळ पण आहेच. आजच सगळ्या घट्ट पॅन्ट बाजूला काढते.

टिचबटण, मांड्यांना एकदम व्यवस्थित बसतेय, मागेही. फक्त पुढे आणि कमरेला.

आळशी_मांजर
तोपर्यंत जुगाड: केस बांधायचा रबर काजातून ओवायचा, एक टोक दुसऱ्यातून काढून घट्ट करायचं आणि उरलेला फास बटणात अडकवायचा. वरून लांब शर्ट. मी साधारण पाचव्यापर्यंत असंच काढलं, नंतर मात्र चेन खाली सरकायला लागते आणि बसल्यावर रबर तुटायची भीती. मीटिंगमध्ये तटकन आवाज आला तर काय घ्या.

टिचबटण
रबराचं जुगाड चांगलं आहे पण तात्पुरतंच. मांड्यांना नीट बसतेय म्हणजे नवीन ट्राउझर घ्यायची गरजच नाही, आहे त्यातल्या दोन चांगल्या बदलून घे. मी गेली बरीच वर्षं हेच काम करते म्हणून नीट सांगते, कोणत्याही बऱ्या टेलरला वाचून दाखव, तासाभराचं काम आहे.

ट्राउझर घालून, बटण न लावता, आरशासमोर उभी राहा आणि पोटाखालून जिथे पोट संपतं तिथे खडूने रेघ मार. ती रेघ सरळ नसते, पुढे मधोमध सगळ्यात खाली उतरते, बाजूला वर चढते. बहुतेकींना मधोमध कमरपट्ट्याच्या वरच्या कडेपासून ९-१० सेंटिमीटर खाली, बाजूच्या शिवणीवर ४-५, आणि मागे अगदी कमरपट्ट्याच्या खालून अशी येते. या रेघेच्या वर दीड सेंटिमीटर दाब, म्हणजे शिवणीसाठी जास्तीचं कापड, ठेवून कापायचं. पण कापायच्या आधी दोन कामं: चेन बंद ठेवून पुढची पट्टी रेघेच्या खाली पक्की शिवून टाकायची, आणि खिशांची तोंडं बंद करायची. खिसा न शिवता कापला तर आतली पिशवी मोकळी सुटते आणि मांडीवर फुगा येतो. चेन धातूची असेल तर टीप जाते तिथले दात पक्कडीने काढून टाकायचे नाहीतर मशीनची सुई मोडते.

मग वर रिबचं कापड लावायचं, स्वेटरच्या मनगटाला असतं तसं पण पातळ आणि मऊ. तुझी मापं सांग, पोटाचा सगळ्यात मोठा घेर, कापलेल्या रेघेचा घेर, आणि रेघेच्या मधल्या बिंदूपासून छातीच्या खालपर्यंतचं अंतर टेप पोटावरून फिरवून.

जाईजुई
आत्ताच घेतली. पोट ९०, खडूच्या रेघेवर ९४, अंतर २३ सेंमी.

टिचबटण
मग असं. रिब एक नळीसारखी शिवायची. खालची कड ९० (९४ च्या ट्राउझरला थोडी ताणून लावायची म्हणजे झोळ येत नाही), वरची कड ७८. आत्ता तुझं पोट ९० आहे म्हणजे वर हलकी पकड येईल, आणि शेवटी घेर समज १०५ झाला तरी चांगली रिब तेवढी ताणते. उंची २३ घेऊ नकोस, पोट पुढे येईल तसं ते अंतर वाढतं, म्हणून पुढे २८ आणि मागे २० ठेव. सध्या जास्त वाटली तर वरून दुमडून पोटाखाली घ्यायची. गरम होत असेल तेव्हा शेवटच्या महिन्यातसुद्धा दुमडता येते, हा या पद्धतीचा फायदा.

शिवताना साधी सरळ टीप अजिबात नको. ताणलं की दोरा तुटतो, आणि तो बरोबर तू खुर्चीत बसताना तुटेल. झिगझॅग नाहीतर ओव्हरलॉक.

कापड निवडताना सगळ्यात जास्त चूक होते. निव्वळ सुती रिब हाताला छान लागते पण दुपारपर्यंत सैल पडते आणि ट्राउझर घसरते. त्यात थोडं स्ट्रेच धाग्याचं मिश्रण हवं. दहा सेंटिमीटरवर दोन खुणा करायच्या, पंधरापर्यंत ताणून धरायचं, सोडायचं. परत दहावर आलं तर घ्या, अकरावर अडकलं तर नको.

मनमौजी
एवढा खटाटोप करण्यापेक्षा पूर्ण कमरेला इलास्टिक घालून टाकलं तर? नेफा करायचा, इलास्टिक ओवायचं, झालं.

टिचबटण
घरात घालायला चालेल. पण इलास्टिकची पट्टी एकाच रेघेवर दाबते, आणि नेहाने लिहिलेली दाबायची जागा तीच. शिवाय नेफ्याच्या चुण्या शर्टाखालून फुगतात, मागून पायजमा वाटतो. रिब पसरट असते, दाब वाटून जातो. हां, पोटाखालून जाणारी रुंद पट्टी, ८-१० सेंटिमीटरची, काहींना रिबपेक्षा आवडते कारण पोटावर काही नको वाटतं. ते ज्याच्या त्याच्या शरीरावर आहे, त्यात बरोबर-चूक नाही.

सोनसाखळी
इथे एक शंका. माझं सीझर झालं होतं आणि नंतर काही महिने टाक्यांच्या वर काहीही सहन व्हायचं नाही. तुम्ही सांगताय ती खडूची रेघ बरोबर तिथेच येत नाही का? पोटाखालची शिवण म्हणजे टाक्याच्या आसपासच. मग ही ट्राउझर बाळंतपणानंतर कशी वापरणार?

टिचबटण
बरोबर पकडलंत ताई. सीझरचा छेद आडवा, खूप खाली असतो आणि आपली शिवण त्याच्या जरा वर किंवा त्यावरच येऊ शकते, बसल्यावर तर नक्कीच घासते. दोन गोष्टी करता येतात. एक म्हणजे आतल्या बाजूची दाबाची कड वर रिबकडे न वळवता खाली ट्राउझरच्या कापडाकडे वळवून वरून टीप मारायची, म्हणजे आत गाठीसारखी जाड कड राहत नाही. दुसरं, आत उंच कमरेची सुती चड्डी घालायची, जिचं इलास्टिक बेंबीच्या वर येतं. तरीही कुणाला नाहीच सहन होत, मग त्यांनी पुढे शिवण नसलेला, फक्त दोन्ही बाजूंना इलास्टिकचे उभे तुकडे बसवलेला प्रकार घ्यावा. तो दिसायला जास्त फॉर्मल असतो, कमरपट्टा शाबूत राहतो, पण सातव्यानंतर पुरत नाही. म्हणून तो गरोदरपणासाठी नाही, परत जॉइन होताना घ्यायचा.

फिजिओ_नेहा
टाक्याच्या आसपासची कातडी बरेच महिने बधिर राहू शकते, त्यामुळे घासतंय हे लगेच कळत नाही. संध्याकाळी आरशात बघून घ्यायचं, लाल झालंय का, ओलसर आहे का. पू, दुर्गंधी, वाढती दुखणी असेल तर कपड्यांचा विषय सोडून डॉक्टरकडे.

आळशी_मांजर
मी जॉइन झाल्यावर पोट आत दिसावं म्हणून ते घट्ट शेपवेअर घालत होते, आठ तास. कुणी म्हणतं चांगलं, कुणी म्हणतं नको. तुम्ही काय म्हणता?

फिजिओ_नेहा
सगळ्यांसाठी एक उत्तर नाही. हलका आधार देणारा पट्टा काहींना पाठीला बरा वाटतो. पण पोट करकचून आवळलं की दाब खाली जातो, ओटीपोटाच्या तळच्या स्नायूंवर, आणि ते तर आत्ताच बाळंतपणातून बाहेर येत असतात. खोकताना-शिंकताना लघवी गळत असेल किंवा खाली जड वाटत असेल तर आवळणं बंद. आणि पोटाचे स्नायू पट्ट्याने जुळत नाहीत, त्याला व्यायाम लागतो. गर्भाशयाला मूळ आकाराला यायला साधारण ६ आठवडे लागतात, पोटाच्या कातडीला आणि स्नायूंना त्याच्या कितीतरी जास्त, त्यामुळे तिसऱ्या महिन्यात जुनी ट्राउझर लागत नाही यात बिघडलेलं काही नाही.

सोनसाखळी
माझ्या बहिणीला मात्र पट्ट्यानेच बरं वाटलं, फिजिओनेच दिला होता. असो.

टिचबटण
जाई, तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं: आत्ता पंपिंगसाठी म्हणून काहीही घेऊ नकोस. छातीचं माप बाळंतपणानंतर पहिल्या काही आठवड्यांत इतकं हलतं की आत्ता घेतलेलं बसेलच याची खात्री नाही. दूध पुरतं जमल्यावर, साधारण दीड-दोन महिन्यांनी माप स्थिर होतं, तेव्हा घे. आणि ट्रायल घेताना दूध पाजून झाल्यावर लगेच घालून बघू नकोस. छाती भरलेली असताना बघ. सकाळी बसलेला शर्ट दुपारी पंप करायच्या आधी बटणांमध्ये फाकतो, आणि मीटिंग नेमकी तेव्हाच असते.

पुढून बटणं असलेला शर्ट पंपिंगला बरा, पण वरची चार बटणं काढली की अर्धं अंग उघडं पडतं आणि खोली गार असेल तर आणखी वाईट. माझ्या गिऱ्हाइकांना मी एक करून देते: प्रिन्सेस कट असलेला टॉप किंवा शर्ट घ्यायचा, म्हणजे छातीवरून ज्या दोन उभ्या शिवणी खाली जातात तो. त्या दोन्ही शिवणी मधूनच उसवायच्या आणि प्रत्येकीत १८-२० सेंटिमीटरची न दिसणारी चेन बसवायची, छातीच्या सगळ्यात उंच भागाच्या थोडं वरून सुरू करून खाली. शिवणीतच असल्यामुळे कळत नाही, आणि वर ब्लेझर असेल तर प्रश्नच नाही. चेन वर ओढली की बंद व्हायला हवी, म्हणजे उघडताना हात खाली जातो. उलटी बसवली तर दूध काढताना मांडीवरची बाटली सांभाळत चेन वर ओढायची कसरत होते, मला गिऱ्हाइकीनेच सांगितलं हे.

साध्या शर्टाला मात्र दोन बटणांच्या मधे आतून एक टिचबटण लावून घ्यायचं, छातीच्या रेषेवर. बाहेरून दिसत नाही आणि फाकणं बंद.

रात्रपाळी
माझा प्रश्न वेगळा आहे, पण इथेच विचारते. आमच्याकडे युनिफॉर्म आहे, पूर्ण अंगाचा एकच कपडा, पुढे वरपासून खालपर्यंत चेन. पंप करायचं म्हणजे अख्खा कमरेपर्यंत उतरवावा लागतो. बदलायला परवानगी नाही, सेफ्टीमुळे. काय करू?

टिचबटण
आतून लांब, पोट झाकणारा बनियनसारखा नर्सिंग टॉप घालणं एवढंच सुचतं, म्हणजे उतरवला तरी पोट-पाठ उघडी पडत नाही. युनिफॉर्मला हात लावायचा नसेल तर माझ्याकडे दुसरं काही नाही. त्याच प्रकारात एक साइज मोठा मागून बघा, इथे खांदा उतरला तरी चालेल. बाकी कुणाला माहीत असेल तर लिहा.

आळशी_मांजर
पान्ह्याचं कुणीच लिहिलं नाही! फोनवर बाळाचा व्हिडिओ बघितला की पान्हा फुटतो, बाळ तीन मजले खाली पाळणाघरात असलं तरी. माझा फिकट राखाडी शर्ट होता, दोन गोल डाग, आणि मी बोर्डसमोर उभी. राखाडी, आकाशी, फिकट गुलाबी, आणि सिल्कसारखं काहीही, या रंगात-कापडात ओलं लगेच दिसतं. काळा, गडद निळा, पांढरा बरा, आणि बारीक छापाचं सगळ्यात बेस्ट. पॅड असतातच, पण पातळ कापडातून पॅडची गोल कड दिसते, म्हणून जरा जाड कापड. एक जास्तीचा शर्ट ड्रॉवरमध्ये ठेवा. डागाला आधी गार पाणी, गरम पाण्यात टाकलं की दुधाचा डाग पक्का बसतो.

मनमौजी
गरम पाण्यानेच तर तेलकटपणा जातो ना? मी नेहमी गरमच टाकायचे.

आळशी_मांजर
आधी गार, मग साबण, मग हवं तर कोमट. माझ्या शर्टांवर तरी असंच निघालं.

सोनसाखळी
तारेच्या ब्रा बद्दल पण लिहा कुणीतरी. मी तारेची घालत राहिले आणि एका बाजूला दुधाची गाठ झाली, ताप आला.

फिजिओ_नेहा
तारेनेच गाठ होते असं छातीठोक म्हणता येत नाही, पण कुठेही दाबणारी ब्रा, तारेची असो वा बिनतारेची, किंवा बॅगचा पट्टा छातीवरून आडवा, या गोष्टी टाळलेल्या बऱ्या. ब्लेझर घट्ट असेल तर तोही. ताप आणि लाल, दुखरा भाग असेल तर डॉक्टरकडे जायलाच हवं, नुसती ब्रा बदलून भागत नाही.

समीर_७
मिसेसला धागा दाखवला, ती म्हणते पायांचं विचारा. तिचे फॉर्मल बूट संध्याकाळी निघतच नाहीत, सूज येते.

फिजिओ_नेहा
दोन्ही पाय संध्याकाळी थोडे सुजणं खूप जणींना होतं. दाब देणारे मोजे वापरायचे तर सकाळी सूज यायच्या आधी घालायचे, सुजल्यावर घालून तितका फायदा होत नाही, आणि दाब किती हवा ते डॉक्टरला विचारून. बूट दुपारनंतर विकत घ्यायचे. पाय कायमचा अर्धा-एक साइज वाढलेला राहतो काहींचा, त्यामुळे महागडे जुने जोड लगेच देऊन टाकू नका पण तेच परत बसतील असंही धरू नका. आणि सूज अचानक, चेहऱ्यावर-हातावर, किंवा डोकं खूप दुखतंय, नजर अंधुक होतेय, असं असेल तर त्याच दिवशी डॉक्टर. एकाच पायाला सूज आणि पोटरी दुखतेय, तरीही त्याच दिवशी.

जाईजुई
अपडेट. टेलरकडून एक ट्राउझर करून आणली, काळी, बरोबर तुम्ही सांगितलेल्या मापांनी. बसायला स्वर्ग! मांडीचं बधिरपण आठवड्याभरात बरंच गेलंय. पण एक अडचण, दुपारनंतर रिब वरून गुंडाळत खाली येते आणि पोटाच्या मधोमध वळकटी होऊन बसते. शर्टाच्या आतून ती दिसते. कापड मी ताणून बघितलं होतं, परत दहावर आलं होतं.

टिचबटण
तू रिब दुमडतेस की पूर्ण वर घेतेस? आणि वरची कड कुठपर्यंत येते?

जाईजुई
पूर्ण वर. बेंबीच्या चार बोटं वर येते. टेलर म्हणाला २८ खूप होईल म्हणून २२ केली.

टिचबटण
मग तेच. वरची कड पोटाच्या सगळ्यात फुगीर भागाच्या जेमतेम वर थांबलीय. तिथून ती निसटणारच, कारण खाली घेर कमी होत जातो. कड फुगीर भाग ओलांडून वर बरगड्यांपर्यंत गेली तर तिथे घेर परत कमी होतो आणि ती अडकून राहते. दोन मार्ग आहेत: वरून आणखी सहा-सात सेंटिमीटर रिब जोडून घे (जोड झिगझॅगनेच), नाहीतर आत्तापुरती पोटाखाली दुमडून वापर, सातव्यात जोड. टेलरला सांग की बाईच्या पोटाचं माप टेबलावर नाही घेता येत.

पुढच्या ट्राउझरला आधीच २८ करून घे.

जाईजुई
हाहा, सांगते. आता ब्लेझरचं. सोडून घातला तर चालतो, पण बटण लावायचं झालं तर छातीखाली, बरगड्यांपाशीच अडतो, पोटापर्यंत यायच्या आधीच. हे टेलर सैल करू शकतो का?

सोनसाखळी
बरगड्या रुंद होतात गं, माझाही असाच अडायचा, बाळ झाल्यावर पण बरेच महिने लागला नाही.

टिचबटण
आतल्या शिवणीत दाब किती सोडलाय त्यावर आहे. अस्तर उसवून बाजूच्या शिवणी बघायला लागतील. चांगल्या ब्लेझरमध्ये प्रत्येक बाजूला दीड-दोन सेंटिमीटर तरी असतं, म्हणजे एकूण तीन-चार सुटेल, तयार स्वस्तातल्यात ते पण नसतं. आणि सोडलेल्या जागी जुन्या टिपेची रेघ दिसते का ते कापडावर अवलंबून, लोकरीवर वाफ दिली की जाते, पॉलिस्टरवर राहते. तुझा कसला आहे? लेबलाचा आणि आतल्या शिवणीचा फोटो टाक, मग सांगते.